सहा हजार शब्द, दोन रुपये, शुक्रवार संध्याकाळ: एका अनुवादक-शोधाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात कार्यालय असलेली एक छोटी आरोग्य-संशोधन संस्था. मराठवाड्यातल्या दोन तालुक्यांत तिशीपुढच्या बायकांचा रक्तदाब, रक्तक्षय आणि मानसिक ताण यांचं घरोघर सर्वेक्षण करायचं ठरलं होतं. आराखडा, प्रश्नावली, संमतीपत्र असं सगळं इंग्रजीत तयार होतं. संशोधनाला नैतिकतेच्या दृष्टीने मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची बैठक ३० तारखेला होती आणि कागद २० तारखेच्या शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या आत पोहोचायला हवे होते. सहभागी व्यक्तीला कळेल अशा भाषेतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र असल्याशिवाय कमिटी विषयाला हातच लावत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ही अपेक्षा आहे. या कमिटीला त्याशिवाय उलट अनुवाद हवा होता, म्हणजे इंग्रजी मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने मराठीवरून पुन्हा केलेलं इंग्रजी. क्षेत्रात याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात.

अनुवादासाठी अंदाजपत्रकात १५,००० रुपये धरले होते. हा आकडा कुठून आला हे कोणालाच सांगता आलं नाही. आधीच्या एका प्रकल्पात तेवढे धरले होते, म्हणून इथेही धरले. मराठी मजकूर तपासायला मला बोलावलं होतं आणि माझं मानधन वेगळ्या तरतुदीतून होतं. त्यामुळे पुढचं बरंचसं मी जवळून पाहिलेलं आहे.

अडचण

पहिली जाहिरात समन्वयकांनी सोमवारी, २ तारखेला, ओळखीच्या लोकांना पाठवली. ती अशी होती: ‘इंग्रजी-मराठी अनुवादक हवा आहे. काम छोटं व तातडीचं. अनुभवींनी आपला दर कळवावा.’

दोन दिवसांत उत्तरांचा पाऊस पडला आणि त्यातून हाती काही लागलं नाही. दर शब्दाला ४० पैशांपासून ४ रुपयांपर्यंत होते. कोणी पानावर दर सांगितला, कोणी ‘काम बघून सांगतो’ म्हणालं. ज्यांच्याकडे खरोखर काम द्यावं असं वाटत होतं, त्यांनी दर सांगायच्या आधी तेच चार प्रश्न विचारले: विषय काय, शब्द किती, कधीपर्यंत हवं, आणि मोजणी इंग्रजी शब्दांची की मराठी? समन्वयक प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहीत बसल्या. शब्द किती या प्रश्नाला त्या ‘साधारण पंचवीस पानं’ असं सांगत होत्या, कारण फाइल तेवढी दिसत होती. प्रश्नावलीची पानं म्हणजे निम्मे रकाने आणि चौकटी, तेव्हा पानांवरून काहीच ठरत नाही.

४० पैसेवाला दर आधी मोहात पाडणारा होता. पण हिशोब मांडून बघा. संमतीपत्रासारखा मजकूर काळजीने करणारा माणूस दिवसाला दीड ते दोन हजार शब्द करतो, त्याहून फार नाही. ४० पैशांनी दोन हजार शब्दांचे ८०० रुपये होतात. एवढ्यावर घर चालवायचं तर त्याला रोज पाच-सहा हजार शब्द उपसावे लागणार, आणि मग आपल्या मजकुराला किती वेळ मिळणार हे उघड आहे.

कोणते पर्याय होते

बुधवारी सकाळी आम्ही चार वाटा टेबलावर घेतल्या. पहिली वाट भाषांतर-एजन्सीची. कोटेशन आलेलं होतंच: शब्दाला साडेतीन रुपये, वर १८ टक्के जीएसटी. फाइलमधले ७,४०० शब्द धरून रक्कम ३०,५६२ रुपये होत होती. प्रमाणपत्र मिळणार, वेळेची हमी मिळणार, पण प्रत्यक्ष लिहिणारा कोण हे कळणार नाही आणि त्याच्याशी बोलताही येणार नाही. बजेटच्या दुप्पट असल्याने हा प्रश्न तिथेच मिटला.

दुसरी वाट म्हणजे संस्थेच्याच दोन क्षेत्र-कार्यकर्त्यांनी अनुवाद करायचा. भाषा त्यांची, गावं त्यांची, खर्च शून्य. पण त्यांचं त्या आठवड्याचं काम आधीच ठरलेलं होतं. शिवाय ज्यांनी मुलाखती घ्यायच्या त्यांनीच प्रश्न लिहिले, तर प्रश्नातली खोच त्यांना स्वतःला दिसत नाही. त्यांना पूर्वचाचणीसाठी राखून ठेवलं. ते योग्यच झालं.

तिसरी कल्पना मजकूर दोघांत वाटून द्यायची, म्हणजे वेळ निम्मा लागेल. माहितीपत्रकात एक शब्द आणि प्रश्नावलीत त्याच गोष्टीला दुसरा शब्द आला की सहभागी बाई गोंधळते आणि कमिटीही विचारते. एवढ्या छोट्या कामात एकवाक्यता करत बसायला वाटणीत वाचवलेल्या वेळाहून जास्त वेळ जातो.

राहिली ती चौथी वाट: एकच स्वतंत्र अनुवादक, पण नीट लिहिलेल्या जाहिरातीने शोधायचा.

शब्दांची मोजणी

जाहिरात लिहिण्याआधी एक दुपार मोजणीला दिली. वर्डमध्ये आकडा दिसत होता ७,४००. त्यात माहितीपत्रक १,७००, संमतीपत्र ५००, प्रश्नावली ४,१०० आणि मुलाखतकारांसाठीच्या सूचना १,१००.

प्रश्नावली उघडून पाहिल्यावर लक्षात आलं की ‘होय, नाही, माहीत नाही, उत्तर देण्यास नकार’ हे पर्याय जवळजवळ प्रत्येक प्रश्नाखाली पुन्हा पुन्हा आहेत. अशी निव्वळ पुनरावृत्ती सुमारे १,०५० शब्दांची निघाली. नैराश्याच्या भागात पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रमाणित प्रश्नावली जशीच्या तशी घातलेली होती, साधारण २५० शब्दांची. तिची मराठी आवृत्ती आधीच उपलब्ध आहे. अशा साधनाचा नवा अनुवाद केला तर इतर अभ्यासांशी तुलना करता येत नाही, म्हणून तो भाग कामातून काढला. प्रश्नावलीत उरले २,८०० शब्द, आणि एकूण ६,१००.

मोजणी कशाची, हेही इथेच ठरवलं. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, आर्टिकलं नसतात, त्यामुळे मराठी मजकुरात शब्द कमी भरतात. या मजकुराचे ४,८०० च्या आसपास होतील असा माझा अंदाज होता. दोन रुपये दराने इंग्रजी मोजणीवर १२,२०० रुपये होतात, मराठी मोजणीवर ९,६००. अडीच हजारांचा हा फरक काम संपल्यावर बिलात उगवला की भांडण ठरलेलं. मूळ इंग्रजी शब्द मोजले तर दोघांनाही पहिल्या दिवशीच रक्कम कळते, शिवाय आटोपशीर लिहिणाऱ्याला दंड होत नाही.

दर दोन रुपयेच का? पहिल्या फेरीत आरोग्यविषयक काम केलेल्या बहुतेकांनी दीड ते अडीच रुपये सांगितले होते. चार-साडेचार दिवसांच्या कामाला १२,२०० म्हणजे दिवसाला पावणेतीन-तीन हजार. हे देता येण्यासारखं होतं, आणि मागायला लाज वाटण्यासारखंही नव्हतं.

मुदत मागून पुढे

तारखा उलट्या बाजूने मांडल्या. २० तारखेला कागद द्यायचे. आदला गुरुवार मोकळा ठेवायचा. मंगळवार-बुधवार मांडणी, प्रमाणपत्रं आणि प्रती. सोमवारी १६ तारखेला उलट अनुवाद आणि मूळ समोरासमोर ठेवून फरक मिटवायचे. म्हणजे उलट अनुवाद १३ तारखेपर्यंत हातात हवा.

इथे एक निर्णय मोलाचा ठरला. उलट अनुवाद फक्त माहितीपत्रक आणि संमतीपत्राचा लागणार होता, तेव्हा तेवढे २,२०० शब्द आधी मागायचे, मंगळवारी १० तारखेला, आणि उरलेले ३,९०० शुक्रवारी १३ तारखेला. सगळं एकदम १३ तारखेला आलं असतं तर उलट अनुवादाला शनिवार-रविवार तेवढे उरले असते.

दुसरी जाहिरात

बुधवारी, ४ तारखेला संध्याकाळी गेलेला मजकूर पूर्ण देतो:

‘इंग्रजीतून मराठीत अनुवाद. विषय: स्त्रियांचे आरोग्य-सर्वेक्षण (माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रश्नावली, मुलाखतकारांसाठी सूचना). मूळ इंग्रजी शब्द: ६,१००. पुनरावृत्ती वगळून मोजले आहेत. वाचक: मराठवाड्यातील, साधारण सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया, मजकूर त्यांना वाचूनही दाखवला जाईल.

मुदत: पहिले २,२०० शब्द मंगळवार १० तारीख, संध्याकाळी ६. उरलेले शुक्रवार १३ तारीख, संध्याकाळी ६. काम सोमवारी ९ तारखेला सकाळी हाती मिळेल.

दर: मूळ इंग्रजी शब्दाला २ रुपये, एकूण १२,२०० रुपये. दर ठरलेला आहे. बिल मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेत जमा.

स्वरूप: वर्ड फाइल, युनिकोड, मूळ तक्ते व प्रश्नक्रमांक जसेच्या तसे. अनुवादकाचे नाव, शिक्षण व सही असलेले प्रमाणपत्र द्यावे लागेल. तपासनिसाच्या शंकांना एकदा उत्तर देणे कामात धरले आहे.

कळवताना दोनच गोष्टी लिहा: अशा प्रकारचे याआधी केलेले काम, आणि वरील दोन्ही मुदती पाळता येतील का. निवडक तिघांना १५० शब्दांचा नमुना दिला जाईल. त्याचे प्रत्येकी ३०० रुपये मिळतील. शुक्रवारी दुपारी १ पर्यंत कळवावे.’

युनिकोडची ओळ काहींना जास्तीची वाटेल. पण जुन्या फॉण्टमध्ये टाइप करणारे अजून भरपूर आहेत. तशी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हांचा चिवडा दिसतो, आणि रूपांतर केलं तरी रफार आणि जोडाक्षरं तुटतात. प्रश्नावली टॅबलेटवर चढवायची असेल तर तिथे गाडी अडतेच.

निवड

या वेळी अकरा उत्तरं आली. कमी आली हेच बरं झालं. दरावर घासाघीस करणारं एकही नव्हतं, उलट एकाने ‘मी एक रुपयात करतो’ असं लिहिलं. समन्वयकांचा जीव क्षणभर खालीवर झाला, कारण ६,१०० रुपये वाचत होते. पण त्याच उत्तरात ‘सर्व विषय, सर्व भाषा, २४ तासांत’ असंही होतं आणि विचारलेल्या दोन गोष्टींपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. त्यांना नम्रपणे नाही कळवलं.

तिघांना नमुना दिला. तो मुद्दाम माहितीपत्रकातल्या धोक्यांच्या परिच्छेदातून निवडला होता. रक्त काढण्याबद्दल चाळीसेक शब्दांचं एक लांबलचक इंग्रजी वाक्य त्यात होतं, शिवाय ‘उत्तर नाही असल्यास अमुक प्रश्नाकडे जा’ अशी सूचना असलेले दोन प्रश्न.

पहिल्या गृहस्थांचा मजकूर अचूक होता, पण शासकीय परिपत्रकासारखा. ते लांब वाक्य त्यांनी तसंच एका दमात मराठीत आणलं होतं. दुसऱ्या बाईंचं मराठी गोड आणि ओघवतं, मात्र सुईच्या जागी काळं-निळं पडू शकतं हे वाक्यच गाळलेलं. धोक्यांच्या यादीतलं वाक्य गळणं म्हणजे शैलीची बाब राहत नाही. तिसऱ्या बाई मराठवाड्यातच वाढलेल्या, पूर्वी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवत. त्यांनी लांब वाक्याचे तीन तुकडे केले होते, आणि नमुना पाठवण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारल्या: हे वाचून दाखवणार ती बाई असेल की पुरुष, आणि हिमोग्लोबिन हा शब्द तसाच ठेवायचा का. काम त्यांना दिलं. पहिल्या गृहस्थांना उलट अनुवादाबद्दल विचारलं, पण धोक्यांचा परिच्छेद त्यांनी इंग्रजीत पाहिलेला असल्याने ते बाद झाले. हे नमुना देतानाच सुचायला हवं होतं, कारण उलट अनुवादक शोधण्यात रविवार गेला. संस्थेच्या ओळखीतल्या एका निवृत्त इंग्रजी प्राध्यापकांनी मराठी शब्दाला दोन रुपये दराने ते काम घेतलं.

काम चालू असताना

सोमवारी दुपारीच अनुवादक बाईंचा निरोप आला. माहितीपत्रकात ५ मिली रक्त घेणार असं लिहिलंय, मुलाखतकारांच्या सूचनांत २ मिली, कोणतं खरं? आराखडा लिहिणाऱ्या दोन डॉक्टरांनी आणि आम्ही तिघांनी ते कागद अनेकदा वाचले होते, कोणाच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. खरं २ मिली होतं. मजकूर शब्दाशब्दाने चाळणारा पहिला वाचक बऱ्याचदा अनुवादकच असतो.

मंगळवारी पहिला हप्ता वेळेवर आला. बुधवारी सकाळी मुख्य संशोधकांनी माहितीपत्रकाची सुधारित इंग्रजी प्रत पाठवली. नमुने किती वर्षं जपणार यावर नवा परिच्छेद आणि तीन वाक्यांत बदल, मिळून ३४० शब्द. समन्वयक नवी फाइल तशीच पुढे ढकलणार होत्या. तसं केलं असतं तर बाईंना १,७०० शब्द पुन्हा ताडून पाहावे लागले असते. वर्डमध्ये दोन प्रतींची तुलना करून बदल रंगवलेली प्रत काढली, ती पाठवली, आणि त्याच दराने ६८० रुपये जादा मान्य केल्याचं सोबत लिहिलं. त्या रात्री बदल करून मजकूर परत आला. प्राध्यापकांना मात्र दुरुस्त प्रत गुरुवारी सकाळी मिळाली, म्हणजे त्यांचा एक दिवस कापला गेला.

उलट अनुवादाने एक जागा पकडली. नकार दिला तरी आरोग्य केंद्रातल्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हे आश्वासन मराठीत ‘परिणाम होईल असे नाही’ असं उतरलं होतं. प्राध्यापकांनी त्याचं इंग्रजी ‘परिणाम होईलच असं नाही’ या अर्थाचं केलं, आणि मराठीवरून तसंच वाटतं हे खरं. तपासताना मी ते वाक्य वाचून पुढे गेलो होतो, कारण मूळ काय आहे ते मला माहीत होतं. शेवटी ‘तुमच्या उपचारांवर कोणताही परिणाम होणार नाही’ असं केलं.

निष्पत्ती

कागद शुक्रवारी दुपारी जमा झाले. कमिटीने एक त्रुटी काढली: तक्रारीसाठी कोणाशी संपर्क करायचा ती चौकट मराठी माहितीपत्रकात इंग्रजीच राहिली होती. मूळ फाइलमध्ये ती चित्र म्हणून चिकटवलेली होती, त्यामुळे शब्दमोजणीत आली नाही आणि अनुवादात बदलता येईल अशा रूपात कोणासमोर आली नाही. दुरुस्ती करून मंजुरी मिळाली.

खर्च असा झाला: अनुवाद १२,२००, वाढीव मजकूर ६८०, न निवडलेल्या दोन नमुन्यांचे ६००, आणि उलट अनुवादाचे सुमारे १,७५० मराठी शब्दांचे ३,५००. एकूण १६,९८०. तक्ते आणि क्रमांक जागच्या जागी आल्याने प्रश्नावलीच्या डीटीपीचा खर्च वाचला, वरचे १,९८० रुपये त्या तरतुदीतून भागले.

पैसे द्यायच्या वेळी थोडा खोळंबा झाला. हिशोब विभागाने सवयीने दहा टक्के टीडीएस कापला. १ एप्रिल २०२५ पासून व्यावसायिक शुल्कावर ही कपात एका व्यक्तीला वर्षभरात दिलेली रक्कम ५०,००० च्या वर गेली तरच लागते (आधी ती मर्यादा ३०,००० होती), आणि बाईंना संस्थेकडून त्या वर्षी दुसरं काहीच मिळालेलं नव्हतं. त्यांनी ते लक्षात आणून दिलं, कापलेली रक्कम आठवडाभराने मिळाली. जाहिरातीतल्या पंधरा दिवसांचे बावीस झाले.

काय वेगळं करता येईल

जाहिरातीच्या मसुद्यात संस्थेने आता दोन भर घातल्या आहेत. एक, काम सुरू झाल्यावर मूळ मजकूर बदलला तर वाढीव शब्दांना तोच दर आणि प्रत्येक ३०० शब्दांमागे मुदत अर्ध्या दिवसाने पुढे. दोन, उलट अनुवादकाची जाहिरात त्याच दिवशी, वेगळी. फाइल देण्याआधी तिच्यातल्या चित्ररूप चौकटी हाताने शोधून टाइप करायचं कामही यादीत आलं आहे.

मूळ मजकूर अंतिम झाल्याशिवाय अनुवादाला द्यायचाच नाही, हा नियम मात्र मी सुचवत नाही. एथिक्स कमिटीच्या तारखा आणि संशोधकांच्या सवयी पाहता तो आठवडाभरही टिकणार नाही. आवृत्ती-क्रमांक आणि तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी छापणं, आणि प्रमाणपत्रात तोच क्रमांक लिहिणं, एवढं जमण्यासारखं आहे.

नमुन्याच्या पैशांवरून समन्वयकांचं आणि माझं अजून पटलेलं नाही. त्यांच्या मते १५० शब्द कोणीही फुकट करून देतो, आणि बजेटबाहेर गेलेल्या पैशांत ते ६०० रुपये होते. माझं म्हणणं, फुकट नमुना मागितला असता तर त्या तिसऱ्या बाईंनी तो केला नसता. तसं त्यांनी नंतर बोलताना सांगितलंही होतं. पुढच्या टप्प्याची प्रश्नावली याच महिन्यात निघते आहे, २,४०० शब्दांची. तिथे नमुना मागायचाच नाही, थेट त्याच बाईंना विचारायचं, यावर सध्या आमचं एकमत आहे.